हीटरवर बरोबर, संगणकावर निम्मा: टाँग टेस्टरची पडताळणी

मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे पारा ४४-४५ अंशांवर गेला की वायरमनकडे एक ठरावीक तक्रार येते. संगणक वर्गाच्या वीजमंडलावरील ६ अँपिअरचा एमसीबी दुपारी वारंवार पडतो आणि टाँग टेस्टर, म्हणजे क्लॅम्प मीटर, मात्र जेमतेम साडेतीन अँपिअर दाखवतो. एमसीबी खराब आहे असे समजून तिथे १० अँपिअरचा बसवला जातो. दोष मीटरचा असू शकेल, ही शंका क्वचितच घेतली जाते, कारण तोच मीटर हीटरवर अगदी बरोबर आकडा देतो.

मीटर तपासायचा तर ज्ञात करंट हवा. पाणी तापवायचा १५०० वॉटचा रॉड २३० व्होल्टला साधारण ६.५ अँपिअर घेतो. पण संध्याकाळी सगळीकडे कूलर चालू होऊन दाब २१० व्होल्टवर आला, तर तोच रॉड ५.९५ अँपिअर घेईल. म्हणून रॉडवरच्या छापील आकड्यावर विसंबू नये. परिपथात एक खात्रीचा मल्टिमीटर त्याच्या १० अँपिअरच्या सॉकेटमधून एकसरीत जोडावा आणि त्याचा आकडा प्रमाण मानावा. (रॉड बादलीत खुणेपर्यंत बुडालेला असावा आणि तो चालू असताना पाण्याला कोणीही हात लावू नये, हे वेगळे सांगायला नको.) बहुतेक मल्टिमीटरांचे हे सॉकेट जास्त करंट थोडाच वेळ सोसते, तेव्हा वाचन पटकन घ्यावे.

क्लॅम्पच्या जबड्यातून एकच तार जायला हवी. दोन्ही तारांची केबल घातली तर जाणारा आणि परतणारा करंट एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो. त्याच तारेचे दहा वेढे जबड्यातून घेतले, तर मीटरला ५.९५ ऐवजी ५९.५ अँपिअर दिसतात. ही युक्ती महत्त्वाची आहे. समजा, मीटरची अचूकता वाचनाच्या २ टक्के अधिक शेवटच्या स्थानाचे ५ अंक अशी आहे आणि शेवटचे स्थान ०.१ अँपिअरचे आहे. मग एका तारेवर सुमारे ०.६ अँपिअरची, म्हणजे १० टक्क्यांहून जास्त, चूक नियमात बसते. दहा वेढ्यांवर १.७ अँपिअरचीच मुभा उरते, ती ३ टक्क्यांच्याही आत. वाचन ५७.८ ते ६१.२ च्या बाहेर गेले तर मीटर बिघडला आहे किंवा जबडा नीट मिटत नाही. जबड्याच्या टोकांवरचा कचरा पुसून पुन्हा पाहावे.

इथवर मीटर उत्तीर्ण झाला, पण परीक्षा सोपी होती. रॉडमधला करंट दाबासारखाच गुळगुळीत, साइन आकाराचा असतो. साधा मीटर करंटची सरासरी काढतो आणि तिला १.११ ने गुणून परिणामी मूल्य, म्हणजे आरएमएस, दाखवतो. हा १.११ फक्त साइन लहरीसाठी खरा आहे. संगणकाच्या पॉवर सप्लायमधला कपॅसिटर मात्र दाबाच्या शिखरापाशीच भरला जातो, त्यामुळे करंट अखंड न वाहता ठोक्यांनी वाहतो.

समजा, १० मिलिसेकंदांच्या प्रत्येक अर्ध्या आवर्तनात फक्त २.५ मिलिसेकंद करंट वाहतो आणि अर्ध्या साइनसारख्या त्या ठोक्याचे शिखर २० अँपिअर आहे. सरासरी भरते ३.१८ अँपिअर, म्हणून साधा मीटर ३.५ दाखवेल. खरा आरएमएस मात्र ७.०७ अँपिअर आहे. एमसीबीची द्विधातू पट्टी उष्णतेवर चालते आणि उष्णता आरएमएसच्या वर्गावर अवलंबून असते. वायरमन समजतो त्याच्या चौपट उष्णता तारेत निर्माण होत असते. त्यात खान्देशातला उन्हाळा, आणि एमसीबी सहसा ३० अंशांच्या आसपासच्या तापमानासाठी जुळवलेला असतो! इथे एमसीबी आपले काम चोख करत होता. तिथे १० अँपिअरचा बसवणे म्हणजे तार किती सोसेल हे न पाहताच तिचे संरक्षण ढिले करणे होय.

शिखर भागिले आरएमएस हा क्रेस्ट फॅक्टर. साइनसाठी तो १.४१, वरच्या उदाहरणात २.८३. ट्रू आरएमएस मीटर अशा लहरीचे खरे मूल्य काढतो, पण त्याच्याही विद्युत परिपथाला शिखराची मर्यादा असते. ६० अँपिअरच्या पल्ल्यावर क्रेस्ट फॅक्टर ३ पर्यंत चालेल असे माहितीपत्रक म्हणत असेल, तर १८० अँपिअरच्या वरचे शिखर छाटले जाऊ शकते. मुख्य केबलवर ५५ अँपिअर आणि क्रेस्ट फॅक्टर ३.५ असेल, तर शिखर १९२ वर जाते आणि वाचन गुपचूप कमी येते. पल्ला निम्माच वापरात असेल, तर मात्र तोच मीटर ६ पर्यंतचा क्रेस्ट फॅक्टर पेलू शकतो.

शंका आली की मीटर वरच्या पल्ल्यावर न्यावा. भार तोच असताना आकडा लक्षणीय वाढला, तर खालच्या पल्ल्यावर शिखर छाटले जात होते. अचूकतेच्या मुभेइतकाच फरक पडला, तर छाटणी होत नव्हती आणि बारीक अंक दाखवणारा खालचा पल्लाच वापरावा.