तारकर्लीचे सिलिंडर आणि चुकीचे ११२ बार

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर पाण्याखाली उतरणाऱ्यांच्या पाठीवर हवेचे जे सिलिंडर असते, त्यावर बेतलेले एक गणित मी अकरावीच्या वर्गाला घातले होते. काँप्रेसरने घाईत भरलेले सिलिंडर तापते, कारण दाबली जाणारी हवा गरम होते. समजा, भरून झाले तेव्हा आतल्या हवेचा दाब २०० बार आणि तापमान ५० अंश सेल्सिअस होते. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या २८ अंशांच्या पाण्यात ते थंड झाल्यावर दाब किती राहील? आकारमान आणि हवेचे प्रमाण बदलत नाही, म्हणून PV = nRT या आदर्श वायूच्या समीकरणातून एवढेच उरते की दाब तापमानाच्या प्रमाणात बदलतो. एका विद्यार्थिनीने २०० ला २८ ने गुणून ५० ने भागले आणि ११२ बार हे उत्तर लिहिले. गुणाकार-भागाकारात चूक नव्हती. तरीही उत्तर चुकीचे होते, कारण तापमान सेल्सिअसमध्येच राहिले होते. दोन्ही तापमानांत २७३ मिळवले की ती ३०१ आणि ३२३ केल्व्हिन होतात आणि दाब येतो सुमारे १८६ बार.

उत्तरपत्रिका हाती नसताना ११२ हा आकडा चुकीचा आहे हे कसे ओळखावे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मी तिला तेच गणित फॅरनहाइटमध्ये करायला सांगितले. ५० अंश सेल्सिअस म्हणजे १२२ अंश फॅरनहाइट आणि २८ म्हणजे ८२.४. याच रीतीने आता उत्तर आले १३५ बार. सिलिंडर तेच, समुद्र तोच, आणि तापमापकावरच्या खुणा बदलल्या म्हणून आतला दाब २३ बारने बदलला, असे होऊच शकत नाही. सेल्सिअसचा शून्य हा बर्फ वितळण्याच्या बिंदूवर सोयीसाठी ठेवलेला आहे; हवेचे रेणू तिथेही वेगाने धावत असतात आणि सिलिंडरच्या भिंतीवर आदळत असतात. दाब तापमानाच्या प्रमाणात आहे असे म्हणायचे, तर मोजणी अशा शून्यापासून हवी, जिथे आदर्श वायूचा दाबही शून्य होईल. दाब आणि तापमान यांच्या आलेखाची सरळ रेषा मागे वाढवत नेली, तर तो शून्य −२७३.१५ अंश सेल्सिअसला सापडतो.

दुसरी पडताळणी सिलिंडरमधल्या हवेच्या वजनाची. त्याचे आकारमान १२ लिटर धरू. २८ अंशांना दाब २०० बार धरून PV = nRT मध्ये तापमान नुसते २८ घातले, तर हवा सुमारे १०३० मोल, म्हणजे जवळजवळ ३० किलो निघते. १२ लिटरच्या भांड्यात पाणीसुद्धा १२ किलोच मावते; हवा पाण्याच्या अडीचपट जड कशी होईल? ३०१ घातल्यावर ९६ मोल, म्हणजे सुमारे २.८ किलो हवा येते, आणि तिचा ताळा तोंडी जमतो: १२ लिटर गुणिले २०० म्हणजे बाहेरच्या दाबाला २४०० लिटर हवा, आणि एक लिटर हवा सव्वा ग्रॅमच्या आसपास भरते. प्रत्यक्षात इतक्या दाबाला हवा आदर्श वायूसारखी तंतोतंत वागत नाही आणि उत्तरात तीनेक टक्क्यांचा फरक पडतो. पण तो फरक तीन टक्क्यांचा असतो, अकरापटीचा नव्हे.

वजनाच्या गणितात चूक अशी डोळ्यांत भरते. दोन तापमानांच्या गुणोत्तरात मात्र ती लपून राहते, आणि तापमानातला फरक लहान असला की अधिकच. दुपारी ३२ अंशांत १८६ बार दाखवणारे सिलिंडर पहाटे २६ अंशांना किती दाखवेल? सेल्सिअसने १५१ बार येतात, आणि हा आकडा कोणालाही अशक्य वाटणार नाही. इथे मी एक अंदाज वापरतो: कोकणातल्या रोजच्या हवेत केल्व्हिन तापमान ३०० च्या आसपास असते, म्हणून दर अंशामागे दाब सुमारे तीनशेव्या भागाने बदलतो. सहा अंशांना तीनशेचे सहा भाग, म्हणजे दोन टक्के, म्हणजे जेमतेम चार बार. सिलिंडर पहाटे १८२ च्या आसपास दिसायला हवे. ज्याने १५१ ची अपेक्षा धरली आहे, त्याला १६५ बार दिसले तरी सारे ठीक वाटेल, आणि रात्रभर झडपेतून निसटत राहिलेली हवा त्याच्या लक्षातच येणार नाही. ज्याला १८२ हवे आहेत, तो १६५ पाहताच झडपेला साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघेल.