आई-वडील आजारी असताना किंवा ते गेल्यावर रजा: कायद्यात थेट नाही, मग अर्ज कशाच्या जोरावर करायचा

महाराष्ट्रात खासगी ऑफिसात काम करणाऱ्यांसाठी लिहितोय. अर्ज नाकारले जातात त्याचं कारण बहुतेकदा एकच असतं, लोक धरून चालतात की घरात कुणी गेलं तर रजेचा हक्क असतोच आणि त्याच भरवशावर अर्ज करतात. असा हक्क देणारा कायदा आपल्याकडे खासगी नोकरीला नाही. आई-वडिलांच्या आजारपणात सोबत राहायलाही वेगळी रजा नाही. (केंद्र सरकारच्या नोकरीतली बाल संगोपन रजासुद्धा मुलांसाठीच आहे, पालकांसाठी नाही.) म्हणजे तुमच्या हातात दोनच गोष्टी उरतात, एक कायद्याने मिळणारी साधी रजा, जिला कारण लागत नाही, आणि दुसरी कंपनीच्या लीव्ह पॉलिसीत जे लिहिलंय ते.

साध्या रजेचं आधी बघू. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 लागू असेल तर वर्षाला 8 दिवस पगारी किरकोळ रजा मिळते, शिवाय आदल्या वर्षी 240 दिवस काम झालं असेल तर दर 20 दिवसांमागे 1 दिवस अर्जित रजा मिळते, ती 45 दिवसांपर्यंत साठवता येते. लोक अडकतात ते पुढे. 8 दिवस एकदम खात्यात येत नाहीत, तिमाहीला जमा होतात, म्हणजे मार्चमध्ये तुमच्याकडे 8 नाही तर 2 असतात. आणि 240 दिवस म्हणजे प्रत्यक्ष कामाचे, सुट्ट्या धरून नाही, त्यामुळे वर्षाच्या मध्यात जॉईन झालेल्याला पुढच्या वर्षी या नियमाने अर्जित रजा शून्य येते. कंपनी स्वतःहून देत असेल तर ते वेगळं, पॉलिसी बघा. व्यवस्थापकीय आणि गोपनीय पदं या कायद्यातून वगळलेली असतात, त्यांना तर पॉलिसी आणि नेमणूक पत्र एवढाच आधार.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. आई हॉस्पिटलात आहे आणि माणूस सिक लीव्ह टाकतो, कारण ती शिल्लक दिसते. सिक लीव्ह बहुतेक ठिकाणी स्वतःच्या आजारासाठी असते. ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचा आजारपण लाभपण फक्त विमाधारक स्वतः आजारी असेल तरच, आई-वडील अवलंबून असतील तर त्यांना उपचार मिळतात पण तुमच्या बुडालेल्या दिवसांचे पैसे मिळत नाहीत. मग मेडिकल सर्टिफिकेट मागितलं की त्यावर नाव आईचं निघतं आणि साध्या रजेचं प्रकरण खोट्या कारणाचं होऊन बसतं. कृपा करून हे करू नका, कितीही घाई असली तरी. पॉलिसीत "स्वतः किंवा कुटुंबीय" असं स्पष्ट लिहिलं असेल तरच सिक लीव्ह टाका.

एक उदाहरण घेऊ. एक बाई ऑगस्टमध्ये जॉईन झाल्या, मार्चमध्ये आईचं ऑपरेशन ठरलं, 10 कामाचे दिवस लागणार. ऑगस्ट ते डिसेंबर 240 दिवस होतच नाहीत, म्हणून कायद्याने अर्जित रजा नाही, किरकोळ 2 आहेत. तर अर्ज एकच करायचा आणि त्यात फोड लिहायची, पहिले 2 दिवस किरकोळ, पुढचे 8 बिनपगारी, तारखांसकट. "10 दिवस सुट्टी हवी" एवढंच लिहिलं तर 2 मंजूर होतात आणि उरलेले 8 विनापरवाना गैरहजेरी म्हणून लागू शकतात. पगार दोन्हीकडे कापला जातो पण फरक मोठा आहे, मंजूर बिनपगारी रजेचं पुढे काही होत नाही, विनापरवाना गैरहजेरीवर मेमो निघतो. बऱ्याच स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या लेखी नियमावलीत, तर असंही असतं की मंजूर रजा संपल्यावर 8 दिवसांत परत येऊन समाधानकारक कारण दिलं नाही तर नोकरीवरचा हक्क जातो. म्हणून मुदतवाढ मागायची असेल तर रजा संपायच्या आधी ईमेल जायला हवा, साहेबांना फोनवर सांगितलं होतं हे नंतर कुणाला आठवत नाही.

सोबत डॉक्टरांचं पत्र लागतं आणि इथे परत अडतं. "रुग्ण उपचाराखाली आहे" असं पत्र निरुपयोगी, त्याने आई आजारी आहे एवढंच कळतं. पत्रात तीन गोष्टी हव्यात, रुग्णाजवळ सतत माणूस लागणार आहे, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आणि सोबत कोण राहणार त्याचं नाव व नातं. डॉक्टर सहसा लिहून देतात, फक्त डिस्चार्जच्या गडबडीत न मागता आधीच मागा. नात्याचा पुरावा मागतील तेव्हा लक्षात ठेवा, पॅन कार्डवर बहुधा वडिलांचं नाव असतं, आईचं नाही, त्यामुळे आईसाठी स्वतःचा जन्म दाखला काढून ठेवलेला बरा.

आता समजा, त्या बिनपगारी रजेतच आई गेली. कंपनीच्या पॉलिसीत शोक रजा 3 दिवस पगारी आहे असं धरू. त्या तारखांवर बिनपगारी आधीच मंजूर असल्यामुळे सिस्टीम नवा अर्ज घेत नाही आणि लोक तिथेच सोडून देतात, पगार मात्र जातो. करायचं एवढंच की एचआरला लिहायचं, अमुक तारखेपासूनची मंजूर बिनपगारी रद्द करा आणि त्यातले 3 दिवस शोक रजा म्हणून नोंदवा, उरलेले बिनपगारीच राहू द्या. पॉलिसीत दोन शब्द नीट वाचा. दिवस मोजतात ते मृत्यूच्या तारखेपासून की तुम्ही घ्याल तेव्हापासून, आणि "कुटुंब" म्हणजे कोण. सासू-सासरे काही ठिकाणी येतात काही ठिकाणी नाही, लग्न झालेल्या मुलीच्या आई-वडिलांवरून तर अजूनही वाद घालतात, जे ऐकून चीड येते. व्याख्येत "आई-वडील" लिहिलं असेल तर लग्नाचा संबंध नाही, तेवढंच वाक्य उचलून ईमेलमध्ये टाका.

आणि मृत्यू दाखला. एचआर म्हणतं आठवड्यात आणून द्या. मृत्यूची नोंद द्यायलाच कायद्याने 21 दिवसांची मुदत आहे, मग ज्या घरात माणूस गेलाय त्यांनी आठवड्यात दाखला आणायचा कुठून? हे वाक्य थोडं सौम्य करून लिहा, पण लिहा. तोवर हॉस्पिटलने दिलेलं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र किंवा अंत्यसंस्काराची पावती जोडा आणि दाखला मिळाला की देतो असं कळवा. पावतीवर नाव आणि तारीख तिथेच तपासा, स्पेलिंग चुकलं तर तीच चूक नंतर दाखल्यापर्यंत जाऊ शकते.

नाकारलं तर नकार लेखी मागा, कुठल्या कलमाखाली नाकारलं तेही. किरकोळ किंवा अर्जित रजा शिल्लक असून देत नसतील तर सुविधाकाराकडे, म्हणजे या कायद्याखाली तपासणी करणाऱ्या कामगार खात्याच्या अधिकाऱ्याकडे, तक्रार करता येते, कारण ती कायद्यातली आहे. शोक रजा नाकारली तर तिथे उपयोग नाही, ती पॉलिसीतली किंवा नेमणूक पत्रातली असते, त्यासाठी ते पान जोडून एचआरच्या वरच्या माणसाला लिहावं लागतं. म्हणून पॉलिसीची पीडीएफ आजच घरच्या ईमेलवर ठेवा, ऑफिसचं लॉगिन घरून चालेलच असं नाही.