पातळी दोन माणसांमधली आणि एकाच माणसामधली: नॉर्मलायझेशन की कॉम्प्रेशन?

परिसंवादाचं रेकॉर्डिंग हाती आलं की आयोजकांचा पहिला निरोप ठरलेला असतो, ‘आजोबांचा आवाज जरा वाढव आणि सूत्रसंचालकांचा कमी कर.’ मग कोणीतरी सुचवतं, ‘नॉर्मलाइझ मार ना.’ दुसरा म्हणतो, ‘कॉम्प्रेसर लाव, सगळे एका पातळीला येतील.’ दोघांनाही हवं आहे ते एकच, की ऐकणाऱ्याला सारखं व्हॉल्यूमकडे हात न्यावा लागू नये. पण ही दोन अवजारं दोन वेगळ्या दुखण्यांवरची आहेत. (एमपीथ्री करताना फाइल लहान होते, त्यालाही कॉम्प्रेशनच म्हणतात. त्याचा इथे काही संबंध नाही.)

नॉर्मलायझेशन म्हणजे पूर्ण तुकड्याला एकच आकडा लावणं. तुकडा ४ डेसिबलनं वाढवायचा ठरला, तर त्यातली कुजबुज, हशा, खोकला, पंख्याची घरघर सगळं बरोबर ४ डेसिबलनं वर येतं. आतला चढउतार होता तसाच राहतो. कॉम्प्रेशन नेमका त्या चढउतारालाच हात घालतं. आवाज ठरवलेल्या रेषेच्या, म्हणजे थ्रेशोल्डच्या, वर गेला की जेवढा वर गेला त्यातला काही भाग ते दाबतं. रेषेखाली काहीच करत नाही. क्षणाक्षणाला त्याचा आकडा बदलत असतो.

थोडक्यात, दोन माणसांमधला फरक नॉर्मलायझेशनचा आणि एकाच माणसाच्या बोलण्यातला फरक कॉम्प्रेशनचा. गोंधळ होतो तो हे उलटं वापरल्यामुळे.

एक उदाहरण घेऊ. एका वाचनालयाचा परिसंवाद, चौघं वक्ते, प्रत्येकाला स्वतंत्र माइक आणि प्रत्येकाचा स्वतंत्र ट्रॅक. लाउडनेस मोजायचं एकक एलयूएफएस. शून्य म्हणजे वरचं टोक, म्हणून आकडे उणे येतात आणि -३३ हा -१९ पेक्षा हळू. कान जसा सरासरीनं ऐकतो त्याच्या जवळ जाणारं हे माप आहे. सूत्रसंचालक -१९ वर, ज्येष्ठ लेखक -३३ वर, प्राध्यापिकाबाई -२४ वर आणि तरुण कार्यकर्ता -२१ वर.

लेखकमहाशय एवढे खाली का? ते खुर्चीला टेकून बसले होते. माइक तोंडापासून १० सेंटीमीटरवर असायला हवा, तो ४० वर होता. अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल जातात, म्हणजे चौपटीला १२. गणित बरोबर जुळतं.

आता इथे `Normalize` लावलं तर काय होईल? हे अवजार फक्त सर्वांत उंच टोक बघतं आणि ते, समजा, -१ डेसिबलवर नेऊन ठेवतं. लेखकांनी बोलता बोलता माइकच्या दांडीला हात लावला होता आणि तो ठोका -२ वर गेला होता. त्यामुळे पूर्ण ट्रॅक वाढला फक्त १ डेसिबलनं. एका ठोक्यानं दीड तासाचा निकाल लावला! टोक जुळवणं आणि ऐकू येणं जुळवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. माणसांची तुलना करायची तर `Loudness Normalization` हवं, ते सरासरी लाउडनेस बघतं.

चौघांसाठी -२१ हे लक्ष्य धरू. सूत्रसंचालक २ डेसिबलनं खाली, लेखक १२ नं वर, बाई ३ नं वर, आणि कार्यकर्ता आहे तिथेच. मात्र लेखकांच्या बाबतीत बटण दाबण्याआधी दोन गोष्टी कराव्या लागतात. तो ठोका आधी हातानं कापायचा, नाहीतर १२ डेसिबल चढल्यावर तो +१० वर जाईल आणि फाटेल. दुसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. दीड तासात लेखक बोलले जेमतेम १४ मिनिटं. उरलेला वेळ त्यांच्या माइकमध्ये शेजारच्यांचा आवाज झिरपत होता, सुमारे -३८ वर. लाउडनेस मोजणारं सूत्र शांतता वगळतं खरं: -७० च्या खालचं सगळं सोडून देतं, आणि उरलेल्याच्या सरासरीपेक्षा १० नं खाली असलेलंही सोडतं. पण -३८ चा झिरपा -३३ पेक्षा १० नं खाली नाही, त्यामुळे तो हिशोबात धरला जातो. पूर्ण ट्रॅकचं माप मग -३७ च्या आसपास येतं आणि अवजार १२ ऐवजी १६ डेसिबल वाढवून मोकळं होतं. लेखक अचानक सगळ्यांवर ओरडल्यासारखे वाटतात. म्हणून आधी त्यांचं बोलणं सोडून बाकीचा भाग कापायचा किंवा बंद करायचा आणि मगच मोजायचं.

कापण्याचा आणखी एक फायदा आहे. पंख्याची घरघर -६० वर होती, ती १२ डेसिबल चढून -४८ वर येणार. लेखक बोलत असताना ती खपून जाते, पण ते गप्प असतानाही माइक उघडा राहिला तर कानाला लागते. शिवाय सूत्रसंचालकांचा आवाज त्यांच्या स्वतःच्या माइकमधून आणि क्षणभर उशिरा लेखकांच्या वाढवलेल्या माइकमधून, असा दुहेरी येतो. तो डब्यातून बोलल्यासारखा पोकळ वाटतो. ही पोकळी कुठलाच कॉम्प्रेसर काढू शकत नाही.

चार माणसं सारखी झाली. तरी कार्यकर्त्याबद्दलची तक्रार येणारच, आणि गंमत म्हणजे त्याच्या ट्रॅकला नॉर्मलायझेशननं हातही लावलेला नाही. त्याची सरासरी आधीच -२१ होती. पण हा गडी वाक्य सुरू करतो -१४ वर आणि संपवतो -२८ वर. मराठीत हे विशेष महागात पडतं, कारण आपलं क्रियापद आणि आपला नकार, दोन्ही वाक्याच्या शेवटी येतात. ‘हे धोरण आम्हाला मान्य’ मोठ्यानं ऐकू येतं आणि ‘नाही’ गाडीच्या आवाजात विरून जातं. अर्थच उलटा! इथे सरासरी कितीही नीट जुळवली तरी उपयोग नाही. इथे कॉम्प्रेसर लागतो.

थ्रेशोल्ड -२४ आणि रेशो ३:१ ठेवू. रेशोचा अर्थ इतकाच, की रेषेच्या वर ३ डेसिबल गेलात तर १ च बाहेर येणार. त्याची जोरदार सुरुवात रेषेच्या १० डेसिबल वर आहे, ती ३.३ वर येते, म्हणजे सुमारे -२०.७. शेवटचं -२८ रेषेखाली आहे, ते जसंच्या तसं. चौदाचा फरक साडेसातच्या आत आला. मग सगळंच ४ डेसिबलनं वर उचललं, की ‘नाही’ -२४ वर येतं आणि ऐकू येतं. हे शेवटचं उचलणं म्हणजे पुन्हा एकच आकडा लावणं, म्हणजे नॉर्मलायझेशनचंच काम. कॉम्प्रेसर स्वतः फक्त दाबतो. ‘कॉम्प्रेसरनं आवाज वाढतो’ हा समज या मेकअप गेनमुळे पसरला आहे.

अटॅक, म्हणजे दाबायला किती वेळ घ्यायचा, तो १० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवावा. फार कमी केला तर ट, ठ, क यांची धार बोथट होते. रिलीज, म्हणजे सोडायला लागणारा वेळ, २०० च्या आसपास. तो फार कमी असेल तर दोन शब्दांच्या मधे पंखा फुगून वर येतो आणि बोलणं सुरू झालं की पुन्हा खाली जातो. हे ओळखायला शब्द ऐकायचेच नाहीत, मधल्या जागा ऐकायच्या. किती दाबलं जातंय ते दाखवणारा काटाही बघत राहा. जोरात बोलताना ६-७ डेसिबल आणि हळू बोलताना परत शून्य, असं हलत असेल तर ठीक. काटा १० वर जाऊन तिथेच मुक्काम करत असेल, तर माणूसच पातळीपेक्षा वर आहे. त्याला आधी नॉर्मलाइझ करायला हवं होतं.

क्रमाचं कारणही हेच. थ्रेशोल्ड ही जागेवर ठोकलेली रेघ आहे. नॉर्मलायझेशन न करता चौघांना -२४ चा एकच कॉम्प्रेसर लावला, तर सूत्रसंचालक अखंड दाबले जातील आणि लेखक रेषेला शिवणारही नाहीत. चौघं एका पातळीला आल्यावर तोच कॉम्प्रेसर सगळ्यांना सारखाच भेटतो. तरीही माझ्या मते तो सगळ्यांना लावू नये. प्राध्यापिकाबाईंचं बोलणं मुळात एकसारखं होतं, त्यांना कशाला चेपायचं?

टेबलावर एकच रेकॉर्डर ठेवला असेल तर परिस्थिती अवघड होते. पूर्ण फाइल नॉर्मलाइझ केली तर सगळे एकदम वर-खाली होतात, त्यांच्यातला फरक तसाच. कॉम्प्रेसरवर भिस्त ठेवली तर? मोठा आवाज -१८, लहान -३०, थ्रेशोल्ड -२७, रेशो ३:१. मोठा -२४ वर येतो, लहान तिथेच. बाराचा फरक सहा झाला, संपला नाही, आणि उचलताना खोलीचा घुमारा सोबत आला. त्यापेक्षा वक्त्यागणिक फाइलचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा गेन वेगळा द्यावा. कंटाळवाणं काम आहे, पण आवाज निर्मळ राहतो.

सगळं एकत्र केल्यावर शेवटी पुन्हा एकदा नॉर्मलायझेशन येतं, या वेळी पूर्ण फाइलला. पॉडकास्टसाठी अॅपल -१६ सुचवतं, युरोपातल्या प्रसारणाचा दंडक -२३ आहे. इथे एक फसवी जागा आहे. `ffmpeg` या कमांड लिहून चालवायच्या सॉफ्टवेअरमधला `loudnorm` एकाच फेरीत चालवला, तर नावाप्रमाणे एकच आकडा लावत नाही. तो पुढे जाताना गेन बदलत राहतो, म्हणजे अर्धा कॉम्प्रेसरच. तुम्ही मेहनतीनं बसवलेले विराम तो भरून टाकतो. मी आधी मोजतो आणि मग स्वतः आकडा देतो:

```
ffmpeg -i charcha.wav -af ebur128=peak=true -f null -
ffmpeg -i charcha.wav -af volume=4.5dB charcha_final.wav
```

पहिल्या ओळीनं -२०.५ दाखवलं म्हणून दुसरीत ४.५. तीच ओळ सर्वांत उंच टोकही सांगते. ते ४.५ मिळवल्यावर -१ च्या वर जात असेल तर आधी लिमिटर, म्हणजे ठरवलेल्या रेषेवर टोक जाऊच न देणारं अवजार, लावावा. मग फाइल फोनवर घेऊन, इअरफोनशिवाय, व्हॉल्यूम निम्म्याच्या खाली ठेवून, नळ सोडलेल्या स्वयंपाकघरात ऐकतो. कार्यकर्त्याचं ‘नाही’ तिथे ऐकू आलं की फाइल आयोजकांना पाठवतो.