अमिओडॅरोन आणि थायरॉइड : ‘टाइप वन’ की ‘टाइप टू’, या प्रश्नामागची पार्श्वभूमी

कागल, राधानगरी, गडहिंग्लजकडून हृदयाच्या तपासणीसाठी कोल्हापूरला येणाऱ्या ज्येष्ठांच्या कापडी पिशवीत दोन-चार फाइली, एक्स-रेचा पिवळा लिफाफा आणि गोळ्यांच्या पाकिटांची रबर लावलेली चळत असते. त्या चळतीत हृदयाचे ठोके नियमित ठेवणाऱ्या अमिओडॅरोनची 100 किंवा 200 मिलिग्रॅमची पट्टी निघाली, तर पहिला प्रश्न असतो तो गोळी किती वर्षे चालू आहे हा. दुसरा, थायरॉइड शेवटचा कधी तपासला. दुसऱ्याचे उत्तर बहुतेक वेळा ‘सुरुवातीला तपासला होता की’ असे येते. आणि थायरॉइड बिघडल्याचे कळले, की घरचे, गावातले डॉक्टर आणि शहरातले हृदयतज्ज्ञ तिघेही एकाच वादात पडतात : गोळी बंद करायची की नाही?

औषधाचा जन्म या वादाशी फारसा जोडलेला नाही, म्हणून तो थोडक्यात. भूमध्य समुद्राकाठच्या खेल्ला नावाच्या वनस्पतीतील एका घटकावर काम करताना 1961 साली बेल्जियममध्ये हे रसायन तयार झाले, तेही हृदयशूळासाठी. 1970 मध्ये ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत दिसले, की ते हृदयाच्या पेशीला पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला जास्त वेळ लावते. अर्जेंटिनातल्या डॉक्टरांनी त्याच दशकात ते अनियमित ठोक्यांसाठी सर्रास वापरले. अमेरिकेत परवानगी मिळाली ती थेट डिसेंबर 1985 मध्ये. पुढे 1989 साली ठोके सुधारणारी दुसरी काही औषधे हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांत मृत्यू वाढवतात असे आढळले आणि सगळ्यांचा ओढा अमिओडॅरोनकडे वळला. आपल्याकडचा आजचा वापर त्या ओढ्याचाच वारसा आहे.

ते मुख्यतः पोटॅशियमच्या वाटा अडवते, पण सोडियम, कॅल्शियम आणि अॅड्रेनलिनची वाटही थोडी-थोडी अडवते. त्यामुळे ईसीजीतला क्यूटी हा कालावधी लांबला तरी त्यातून उद्भवणारे जीवघेणे ठोके तुलनेने कमी दिसतात, आणि कमकुवत हृदयातही ते देता येते. हा गुण खरा आहे. मात्र ते चरबीत मुरते आणि शरीरातून अर्धे जायला साधारण दोन महिने लागतात, कुणात महिना, कुणात चार-पाच महिनेही. म्हणजे ‘आजपासून बंद’ असे लिहिले तरी औषध आज बंद होत नाही.

आता मुद्द्याचे. या रसायनाच्या वजनापैकी जवळपास 37 टक्के आयोडीनच आहे. 200 मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे 75 मिलिग्रॅम. त्यातले सगळे सुटत नाही, पण रोज अंदाजे 6 मिलिग्रॅम मोकळे होते. मोठ्या माणसाची रोजची गरज 150 मायक्रोग्रॅम. आयोडीनयुक्त मिठात घरापर्यंत निदान 15 पीपीएम आयोडीन राहावे अशी आपल्याकडे अपेक्षा असते. त्या हिशेबाने एका गोळीतले सुटे आयोडीन म्हणजे 400 ग्रॅम मिठातले आयोडीन. तांबडा रस्सा कितीही खारट केला तरी एवढे मीठ कुणाच्या पोटात जायचे नाही.

एवढे आयोडीन आल्यावर निरोगी ग्रंथी स्वतःहून काम थांबवते आणि काही आठवड्यांत पूर्वपदावर येते. ज्यांची ग्रंथी पूर्वपदावर येत नाही (बहुधा आधीच थायरॉइडविरोधी अँटिबॉडी असलेल्यांची) त्यांच्यात ती मंदावते. यात वाद फारसा नाही. थायरॉक्सिनची गोळी सुरू करायची, अमिओडॅरोन गरजेचे असेल तर चालू ठेवायचे. फक्त एक खबरदारी : पहिल्या तीन महिन्यांत थायरॉइडला कामाला लावणारा टीएसएच थोडा वर जातोच, आणि थायरॉइडच्या दोन हार्मोन्सपैकी टी-फोर वाढतो, टी-थ्री उतरतो. कारण हे औषध टी-फोरचे टी-थ्रीत रूपांतर अडवते. दीड महिन्यातला रिपोर्ट पाहून आयुष्यभराची गोळी चिकटवलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

अडचण आहे ती थायरॉइड जास्त झाल्यावर. 1990च्या दशकात याचे दोन प्रकार मांडले गेले. पहिल्यात ग्रंथीतच आधीपासून गाठ किंवा सूज असते, आयोडीनचा कच्चा माल मिळाला की ती भरमसाट हार्मोन बनवते. दुसऱ्यात ग्रंथी मुळात चांगली असते, पण औषधामुळे तिच्या पेशी फुटतात आणि साठवलेला हार्मोन रक्तात सांडतो. पहिल्याला कार्बिमॅझोल लागते, दुसऱ्याला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. पहिल्यात नवीन माल बनणे थांबवायचे असते. दुसऱ्यात माल बनून ठेवलेलाच असतो, तिथे कार्बिमॅझोल काय थांबवणार?

हे शब्द, म्हणजे टाइप वन आणि टाइप टू, माझ्या मते दुर्दैवी आहेत. ‘तुमचा थायरॉइड टाइप टू आहे’ असे सांगितले, की आमच्याकडचा रुग्ण म्हणतो, “साखर हाय की माझी आधीपास्नं.” डायबेटीसच्या त्याच नावांशी घोळ होतो. शिवाय या दोन्हींचे मिश्रण असलेले रुग्णही असतात आणि रेडिओआयोडीनची चाचणी बहुधा वेगळेपण दाखवत नाही, कारण शरीरात आधीच एवढे आयोडीन असते की दोन्हींत ग्रंथी ते शोषत नाही. उपयोगी पडते ती मानेची कलर डॉपलर सोनोग्राफी : ग्रंथीत रक्तप्रवाह वाढलेला दिसला तर पहिला प्रकार, प्रवाह जवळपास नसेल तर दुसरा. पण यंत्र चालवणाऱ्याने प्रश्न काय आहे ते माहीत असायला हवे. चिठ्ठीवर फक्त ‘थायरॉइड सोनोग्राफी’ लिहिले असेल, तर रिपोर्टात ग्रंथीची मापे येतात आणि प्रवाहाचा उल्लेखही नसतो.

आणि ज्यावर अजून एकमत नाही तो निर्णय : गोळी थांबवायची का? थांबवण्याच्या बाजूने सरळ युक्तिवाद आहे की कारण दूर करा. दुसरी बाजू अशी, की ऊतींत मुरलेले औषध महिने-महिने राहणारच आहे, म्हणजे लगेच फायदा नाही. उलट तेच औषध टी-थ्री कमी ठेवत असते आणि हृदयाला अॅड्रेनलिनपासून थोडे आडोशाला ठेवते, ते आवरण निघाले तर ठोके आणखी बिघडू शकतात. माझा कल असा : पहिल्या प्रकारात शक्य असेल तर थांबवावी. दुसऱ्या प्रकारात पर्याय नसेल, विशेषतः जीवघेण्या ठोक्यांचा रुग्ण असेल, तर चालू ठेवून प्रेडनिसोलोनने आजार आवरता येतो. साध्या एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या अनियमित ठोक्यांत, ठोक्यांचा वेग आवरणारी दुसरी औषधे असताना ती गोळी धरून ठेवण्याचे कारण मला सापडत नाही.

एका रुग्णाचे उदाहरण घेतो, ओळख लपवून. कागलजवळचा एक ऊसउत्पादक, साठीतला, डायबेटीस असलेला. एट्रियल फिब्रिलेशनसाठी अडीच वर्षे रोज 200 मिलिग्रॅम, सोबत रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन. अमिओडॅरोन सुरू करताना वॉरफरिनची मात्रा नेमकी कमी केलेली, रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आयएनआर वर्षभर 2 ते 3 मध्ये. मग हंगामात वजन सहा किलो उतरले. घरच्यांना वाटले, कारखान्याला ऊस घालवायच्या धावपळीमुळे. आयएनआर 4.8 आला. वॉरफरिन कमी केले, पुढच्या वेळी पुन्हा वाढलेला. तिसऱ्या वेळी हात थरथरताना दिसले आणि टीएसएच मागवला : 0.01च्या खाली, फ्री टी-फोर दुप्पट, टी-थ्री जेमतेम वाढलेला. रक्ताच्या गुठळ्या करणारे घटक थायरॉइड वाढल्यावर लवकर खर्च होतात, म्हणून वॉरफरिन अचानक जोरात चालू लागते. आयएनआरने दोन महिने आधी खबर दिली होती, कुणी ऐकली नाही इतकेच.

डॉपलरमध्ये ग्रंथी लहान, प्रवाह नाही. दुसरा प्रकार. गोळी थांबवली, वेगासाठी मेटोप्रोलोल, आणि रोज 40 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. साखर अपेक्षेप्रमाणे वाढली, इन्सुलिन घ्यावे लागले. तीन आठवड्यांत फ्री टी-फोर खाली येऊ लागला, तीन महिन्यांत प्रेडनिसोलोन हळूहळू सोडवले. जसा थायरॉइड उतरला तशी वॉरफरिनची गरज पुन्हा वाढली. पुढे काही काळ टीएसएच वर गेला आणि आपोआप स्थिरावला.

या रुग्णाच्या त्याआधीच्या तपासणीत, बिघाडाच्या सहा महिने आधी, टीएसएच पूर्ण नॉर्मल होता. दुसरा प्रकार असाच एकदम फुटतो, बहुधा दोन-अडीच वर्षे गोळी घेतल्यावर. त्यामुळे वजन उतरणे, थांबलेले फिब्रिलेशन परतणे आणि आयएनआर बिथरणे या तीन गोष्टी दिसल्या तर पुढच्या तारखेची वाट न पाहता टीएसएच करायचा असतो.

या गोळीने फुफ्फुसाला होणाऱ्या इजेबद्दल थोडे, कारण थायरॉइडपेक्षा दुर्मिळ असले तरी जिवावर हेच बेतते. जुन्या मोठ्या मात्रांत ते बरेच दिसे, 200 किंवा त्याहून कमी मात्रेत कमी दिसते, पण शून्य होत नाही. कोरडा खोकला, चढणीवर धाप, कधी बारीक ताप. आपल्याकडे हे क्षयाच्या किंवा हृदय फुगल्याच्या खात्यावर जमा होते. लघवीच्या गोळ्या वाढवूनही धाप कमी होत नसेल तर संशय घ्यावा. वर्षातून एकदाच्या एक्स-रेने सगळे सापडते असे मानू नये. डीएलसीओ म्हणजे वायू आत झिरपण्याची क्षमता पहिल्या नोंदीपेक्षा 15-20 टक्के घसरली, तर छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन, म्हणजे एचआरसीटी, करतात. म्हणून पहिली नोंद नसेल तर घसरण मोजायची कशाशी? उपचारात औषध बंद आणि स्टेरॉइड, तेही महिनोन्‌महिने. लवकर सोडले की आजार परततो, कारण औषध अजून तिथेच असते. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना गोळीबद्दल सांगणे आवश्यक आहे, जास्त ऑक्सिजनने अशी फुफ्फुसे बिघडू शकतात.

यकृताचे एन्झाइम अनेकांत थोडे वाढतात आणि बऱ्याचदा तसेच राहतात. नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीपेक्षा वर गेले, किंवा आधीच वाढलेले असताना ते दुप्पट झाले, तर मात्रा कमी करण्याचा किंवा बंद करण्याचा विचार करतात. त्रासदायक गोष्ट ही, की बायोप्सीत ते दारूच्या यकृतासारखेच दिसते. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या माणसाला तीन-तीनदा ‘खरे सांगा’ म्हणून छळलेले मला ठाऊक आहे.

वेळापत्रक म्हणजे असे. सुरू करण्यापूर्वी टीएसएच, फ्री टी-फोर, अँटिबॉडी, यकृताचे एन्झाइम, पोटॅशियम, एक्स-रे, डीएलसीओसह फुफ्फुसाची चाचणी, ईसीजी, आणि डोळ्यांची तक्रार असेल तर नेत्रतपासणी. तीन महिन्यांनी थायरॉइडची नवी पायरेषा, मग दर सहा महिन्यांनी टीएसएच आणि यकृत, दरवर्षी एक्स-रे आणि ईसीजी. डिगॉक्सिन चालू असेल तर ते निम्मे करणे आणि सिमवास्टॅटिन 20 मिलिग्रॅमच्या वर न नेणे हे पहिल्याच दिवशीचे काम आहे.

गोळी थांबल्यावर मात्र हे वेळापत्रक संपते असा समज आहे आणि फाइलही त्या दिवशी बंद होते. गोळी थांबल्यानंतर काही महिन्यांनीही थायरॉइड बिघडू शकतो, म्हणून आणखी वर्षभर टीएसएच करावा लागतो. मी आता फाइलच्या पहिल्या पानावर, सुरू केल्याच्या तारखेखाली, बंद केल्याची तारीख लाल पेनाने लिहितो आणि तिच्यापुढे बारा महिन्यांनंतरचा महिना.