कोटेशनमधल्या ओळी कुठून आल्या: बीएएफ आणि कंजेशनची पार्श्वभूमी

नाशिकच्या द्राक्षांचा चाळीस फुटी रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर, न्हावा शेवाहून रॉटरडॅमला पाठवायचा आहे, असं समजा. माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या फॉरवर्डरचं कोटेशन येतं. वरच्या ओळीत बेसिक फ्रेट १८५० डॉलर. त्याखाली बीएएफ, म्हणजे बंकर किंवा इंधनाचा अधिभार, ६६०, लो सल्फर ४०, पोर्ट कंजेशन १५०, एमिशन ६०. मग रुपयांत टर्मिनल हँडलिंग, बिल ऑफ लेडिंग या जहाजाच्या मालपावतीची फी, सील. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, पण ओळींचा क्रम साधारण असाच असतो. सगळ्यात शेवटी बारीक अक्षरांत एक वाक्य असतं, की अधिभार माल चढवण्याच्या वेळी लागू असतील ते. नवा निर्यातदार वरची ओळ पाहून भाव पाडून मागतो. जुना खालून वर वाचतो.

या ओळी एका दिवशी, एका टेबलावर ठरलेल्या नाहीत. प्रत्येकीमागे एखादं संकट आहे. ते आलं तेव्हा ती ओळ ‘तात्पुरती’ म्हणून लिहिली गेली.

पूर्वी भाडं जहाज कंपन्या एकत्र बसून ठरवत. अशा संघांना कॉन्फरन्स म्हणत, आणि पहिली कॉन्फरन्स १८७५ मध्ये ब्रिटन ते कलकत्ता या मार्गावरच निघाली. तिचं दरपत्रक जाडजूड असे आणि लवकर बदलत नसे. अचानक खर्च वाढला की सगळं दरपत्रक नव्याने लिहिण्यापेक्षा मूळ दरावर काही टक्के चढवणं सोपं पडे. जून १९६७ मध्ये सुएझ कालवा बंद झाला, तो थेट जून १९७५ मध्ये उघडला. आफ्रिकेला वळसा घालण्याचा खर्च या अधिभाराच्या रूपानेच वसूल होई. १९७१ नंतर डॉलरचा भाव हलू लागला, तेव्हा चलनाची ओळ आली. १९७३-७४ मध्ये कच्चं तेल पिंपाला सुमारे तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या आसपास गेलं आणि बंकरच्या ओळीने कोटेशनमध्ये कायमचं घर केलं. बंकर हा शब्द कोळशाच्या काळातला आहे. जहाजावर कोळसा साठवायच्या कोठाराला बंकर म्हणत. कोळसा गेला, शब्द राहिला.

१९७४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार परिषदेने कॉन्फरन्सांसाठी आचारसंहिता तयार केली. अचानक वाढलेल्या खर्चासाठी लावलेले अधिभार तात्पुरते मानावेत आणि परिस्थिती सुधारेल तसे कमी करावेत, असं तिच्यात लिहिलं आहे. म्हणजे ‘हे काढणार कधी?’ हा प्रश्न तेव्हाही होता. भारताने ही संहिता स्वीकारली होती. पुढे युरोपीय संघाने कॉन्फरन्सांना दिलेली सूट ऑक्टोबर २००८ मध्ये संपवली. युरोपच्या मार्गांवर सगळ्यांचा मिळून एक बीएएफ ठरवणं बंद झालं आणि प्रत्येक कंपनी आपापलं सूत्र मांडू लागली.

सूत्र अवघड नाही. इंधनाचा टनाचा सरासरी भाव घ्यायचा आणि त्याला त्या मार्गाच्या गुणकाने गुणायचं. एका कंटेनरमागे किती टन इंधन जळतं, ते हा गुणक सांगतो. मार्ग किती लांब, जहाज केवढं, परतीला ते किती रिकामं जातं, सगळं त्यात आलं. रीफरला वाटेत वीज लागते, म्हणून त्याचा गुणक मोठा. इंधन ६०० डॉलर टन आणि गुणक १.१ धरला, तर ६६० येतात.

दुसरी कंपनी म्हणते, आमचा बीएएफ फक्त २२०. ऐकायला बरं वाटतं. पण तिने ४०० डॉलरपर्यंतचं इंधन बेसिक फ्रेटमध्येच धरलेलं असतं आणि वरच्या २०० डॉलरना १.१ ने गुणून २२० काढलेले असतात. तिचं फ्रेट २२९० असतं. दोन्हीकडे बेरीज २५१०. इंधन ७०० झालं तर दोन्हीकडे ११० वाढतात. बीएएफची रक्कम लहान की मोठी, यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. (हा वाद मी तासतासभर ऐकला आहे.) विचारायचं ते गुणक किती, कोणत्या बंदरांतला इंधनभाव धरता, दर महिन्याला बदलतो की तिमाहीला, आणि इंधन ४०० च्या खाली गेलं तर वजावट देता की शून्यावर थांबता. या शेवटच्या प्रश्नावर समोरचा जरा थांबतो.

लो सल्फरची ओळ वेगळी वाचावी लागते. बाल्टिक, उत्तर समुद्र आणि इंग्लिश खाडीत १ जानेवारी २०१५ पासून ०.१ टक्के गंधकाचंच इंधन चालतं. रॉटरडॅमला जाताना शेवटचा टप्पा महाग इंधनावर होतो, तो खर्च हा. मग १ जानेवारी २०२० पासून जगभरच मर्यादा ३.५ वरून ०.५ टक्क्यांवर आली आणि महाग इंधन बीएएफच्या हिशेबातच शिरलं. म्हणून दोन्ही ओळी दिसल्या की विचारायचं, ही ४० डॉलरची ओळ फक्त ०.१ वाल्या पट्ट्यासाठी आहे का? ‘२०२० चा नियम’ असं उत्तर आलं, तर एकाच गोष्टीचे दोनदा पैसे मागितले जात आहेत. एमिशनची ओळ युरोपच्या कार्बन बाजारातून २०२४ मध्ये आली. बाहेरून येणाऱ्या फेरीचं निम्मं उत्सर्जन तिथे मोजतात, आणि त्यातलाही हिस्सा २०२४ साठी ४० टक्के, २०२५ साठी ७०, २०२६ पासून पूर्ण.

कंजेशनला असं सूत्र नाही. बंदराबाहेर जहाज नांगर टाकून उभं राहिलं की दिवसाचं भाडं आणि इंधन चालूच राहतं, ते कंटेनरमागे ठोक रकमेत वाटतात. १९७५ मध्ये नायजेरियाने अवाढव्य प्रमाणात सिमेंट मागवलं आणि लागोसबाहेर शेकडो जहाजं महिनोन्महिने ताटकळली. आपल्याकडेही मुंबई बंदरावरचा ताण हलका करायला न्हावा शेवा उभं राहिलं, १९८९ मध्ये. २०२१ च्या शेवटी लॉस एंजेलिस-लाँग बीचला रांग शंभर जहाजांच्या वर गेली. तिथल्या बंदरांनी पडून राहिलेल्या कंटेनरवर दिवसागणिक वाढणारा दंड जाहीर केला. तो जहाज कंपन्यांवर होता, पण काही कंपन्यांनी तो पुढे ग्राहकांकडून घेऊ असं कळवलं. अंमलबजावणी आठवड्यामागून आठवडा पुढे ढकलली गेली आणि जानेवारी २०२३ मध्ये एक डॉलरही न घेता तो मागे घेतला गेला.

म्हणून १५० च्या ओळीपुढे तीन गोष्टी लिहून मागाव्यात: कोणतं बंदर, कंपनीच्या कोणत्या तारखेच्या सूचनेवरून, आणि कोणती तारीख धरून. बंदराचं नाव नसलेली कंजेशनची ओळ बहुतेक जुन्या कोटेशनवरून उतरवलेली असते. कंजेशनचा हा अधिभार म्हणजे डिटेन्शन किंवा डेमरेजही नव्हे. ते तुमचा कंटेनर अडकला तर लागतात, हा जहाज अडकलं म्हणून.

तारखेची गंमत शेवटी कळते. २० फेब्रुवारीला पॅकहाऊसमध्ये कंटेनर भरला, २३ ला तो बंदराच्या गेटातून आत गेला, जहाज उशिरा लागलं आणि बिल ऑफ लेडिंग २७ ला निघालं. अधिभार २५ पासून लागू. गेट-इन धरलं तर १५० वाचतात, बिलाची तारीख धरली तर भरावे लागतात. आणि माल सीआयएफ, म्हणजे भाडं आणि विमा भावातच धरून, विकलेला असेल, तर खरेदीदाराला दिलेला भाव बदलत नाही, ते १५० द्राक्षवाल्याच्याच खिशातून जातात.