विधी निबंधातील अवतरणे आणि साम्य टक्केवारी

कायद्याच्या निबंधात कलमे आणि निकालपत्रांतील उतारे शब्दशः द्यावे लागतात, त्यामुळे साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची टक्केवारी इतर विषयांपेक्षा चढी दिसते. सॉफ्टवेअर सलग शब्दांच्या लहान साखळ्या जुळवून पाहते. कलमाचा मजकूर सगळीकडे एकच असल्याने तो जुळणारच, खटल्यांची नावे आणि तळटिपाही जुळतात. ही टक्केवारी जुळलेला मजकूर मोजते. त्यात वाङ्मयचौर्य किती, हे अहवाल उघडून वाचल्याशिवाय कळत नाही.

समजा, 2000 शब्दांच्या निबंधात 420 शब्द, म्हणजे 21 टक्के जुळले. त्यातले 260 शब्द कलमांचे व निकालांचे आहेत आणि 60 तळटिपांतले. उरलेले 100 शब्द मात्र एका पाठ्यपुस्तकातील निकालाचा सारांश आहेत, तेही अवतरणचिन्हांशिवाय सलग उतरवलेले. खरा दोष या 100 शब्दांत आहे. एकूण आकडा 8 टक्के असता, तरीही तो तितकाच गंभीर ठरला असता.

आकडा उतरवण्यासाठी कलमाचे शब्द बदलणे ही सर्वांत घातक चूक. ‘करील’ म्हणजे बंधन, ‘करू शकेल’ म्हणजे मुभा; ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ आले तर दोन अटींऐवजी एकच पुरते. असा बदल केला की निबंधात चुकीचा कायदा येतो. त्यापेक्षा अवतरण आखूड करावे. डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन (1932) या खटल्यात बाटलीतील गोगलगायीची हकीकत आपल्या शब्दांत सांगता येते. लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी ‘शेजारी’ कोणाला म्हटले, ते वाक्य मात्र जसेच्या तसे द्यावे, सोबत निकालपत्रातील नेमके पान द्यावे (नव्या निकालांत परिच्छेद क्रमांक) आणि लगेच त्यातील कोणता शब्द आपल्या प्रश्नाला लागू पडतो ते लिहावे. गाळलेल्या जागी टिंबे आणि स्वतः घातलेल्या शब्दाला चौकोनी कंस हवाच.

मांडणीतही एक अडचण आहे. ऑस्कोला या संदर्भपद्धतीत तीन ओळींपेक्षा लांब उतारा समास सोडून, अवतरणचिन्हांशिवाय देतात. अवतरणे वगळण्याची सोय बहुधा चिन्हे किंवा समास पाहून चालते. फाइल पीडीएफ केली की समासाची खूण हरवू शकते आणि नियमाने दिलेला उताराही साम्यात मोजला जातो. अशा वेळी दोष मांडणीचा नसतो, म्हणून पद्धत बदलू नये.

अनुभवी परीक्षक आणखी एक गोष्ट पाहतात. विद्यार्थ्याच्या अवतरणात टिंबे अगदी पाठ्यपुस्तकातल्याच जागी असतील, तर मूळ निकाल बहुधा वाचलेला नाही. उतारा पुस्तकातूनच घेतला असेल, तर तळटिपेत निकालाबरोबर ‘अमुक पुस्तकात उद्धृत’ असेही लिहावे.