उणे की वजा? -2^2 चं उत्तर 4 येण्यामागची पार्श्वभूमी

शाळेत पाठ केलेलं कंचेभागुबेव सगळ्यांच्या लक्षात असतं: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. पण या सहा अक्षरांत घाताला जागा नाही आणि आकड्याच्या आधी लागणाऱ्या उणे चिन्हालाही नाही. एक्सेलच्या कोऱ्या सेलमध्ये पुढच्या दोन ओळी टाकल्या की ही उणीव लगेच दिसते.

```
=-2^2      → 4
=0-2^2     → -4
```

वहीत हीच दोन गणितं केली तर दोन्हींचं उत्तर -४ येतं. कॉम्प्युटर इथे चुकत नाही. त्याला जो क्रम ठरवून दिला आहे, तो आपल्या शाळेतल्या क्रमापेक्षा वेगळा आहे, एवढंच.

घोळाचं मूळ एका किल्लीत आहे. बोलताना आपण 'उणे दोन' आणि 'पाचातून दोन वजा' असं वेगळं बोलतो. उणे हा एकाच संख्येचा गुण आहे, तर वजाबाकीला दोन संख्या लागतात. कीबोर्डवर मात्र दोन्हींसाठी एकच आडवी रेघ आहे. तिच्या डावीकडे संख्या, सेल किंवा बंद होणारा कंस असेल तर एक्सेल ती वजाबाकी धरतं आणि घातानंतर सोडवतं. डावीकडे काहीच नसेल, किंवा बरोबरचं चिन्ह, उघडणारा कंस, स्वल्पविराम वा दुसरी क्रिया असेल, तर ती उणे ठरते. उणेचा नंबर घाताच्याही आधी लागतो. म्हणून `=-2^2` चा अर्थ 'उणे दोनचा वर्ग' होतो आणि `=0-2^2` चा 'शून्यातून दोनचा वर्ग वजा'.

बीजगणितात हा वाद कधी आलाच नाही. तिथे घाताचा अंक अक्षराच्या डोक्यावर बसतो, त्यामुळे तो कोणाला चिकटलेला आहे हे डोळ्यांनाच दिसतं. सगळं एका ओळीत टाइप करायची वेळ आली तेव्हा प्रश्न उभा राहिला. १९५७ मध्ये आलेल्या फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेने वहीचाच अर्थ कायम ठेवला: `-A**2` म्हणजे वर्गाचं उणे. अल्गोल ६० ने तेच केलं. सी भाषेत उणे सगळ्या अंकगणिती क्रियांच्या आधी लागतं, पण त्या भाषेत घाताची खूणच नाही, त्यामुळे भांडणाला कारण मिळालं नाही.

स्प्रेडशीटची सुरुवात याहून साधी होती. १९७९ चं व्हिसिकॅल क्रियांचा अग्रक्रम मानतच नव्हतं. डावीकडून उजवीकडे जे येईल ते सोडवायचं, त्यामुळे १+२*३ चं उत्तर ९. टेबलावरच्या साध्या कॅल्क्युलेटरची सवय असलेल्यांना त्यात काही खटकण्यासारखं नव्हतं.

खरी कलाटणी पुढच्या सहा वर्षांतली आहे. १९८३ मध्ये लोटस १-२-३ आलं आणि हिशेबाच्या टेबलांवर ठाण मांडून बसलं. त्यात घात आधी आणि उणे नंतर, म्हणजे वहीसारखंच -४. १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर एक्सेल आलं, १९८७ मध्ये विंडोजवर. एक्सेलने उणे आधी आणि घात नंतर ठेवला. बाजारात ज्याची सत्ता होती त्याच्या उलट हा निर्णय झाला. पुढे लोटसच्या फायली एक्सेलमध्ये आणणाऱ्यांसाठी मदतीच्या पानांवर हा फरक सांगून 'कंस घाला' असा सल्ला द्यावा लागला.

या निर्णयाच्या बाजूने एक मुद्दा आहे आणि तो कच्चा नाही. A1 मध्ये -2 असेल तर `=A1^2` चं उत्तर 4 येतं, त्यावर कोणाचा आक्षेप नाही. आता A1 च्या जागी त्याची किंमत जशीच्या तशी ठेवली तर `=-2^2` तयार होतं. सेलऐवजी त्यातली संख्या लिहिल्यावर उत्तर बदलू नये, असं मानलं तर 4 हेच सुसंगत उत्तर.

पण हा युक्तिवाद फक्त संख्यांपुरता चालतो. सूत्रात उणेच्या पुढे बहुतेक वेळा संख्या नसते, सेल असतो. `=-A1^2` लिहिणाऱ्याच्या मनात पुस्तकातलं -x² असतं, आणि तिथे हा नियम त्याला फसवतो. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे एक्सेलच्या पोटातली मॅक्रोची भाषा, व्हीबीए, जुन्या वळणावर चालते.

```
MsgBox -2 ^ 2              ' -4
MsgBox Evaluate("-2^2")    ' 4
```

पहिल्या ओळीत उत्तर भाषा देते, दुसऱ्या ओळीत शीट देतं. एकाच प्रोग्रामची दोन दारं आणि दोन उत्तरं. शीटमधलं सूत्र मॅक्रोत हलवताना हिशेब इथे नकळत बदलतो, म्हणून सुसंगतीचा मुद्दा या जागी लंगडा पडतो.

लोटसची एक सवय अजून टिकून आहे. त्यात सूत्राची सुरुवात + किंवा - ने करत. आजही नंबर पॅडवर हात बसलेले लोक `=` शोधत बसत नाहीत. `-B2^2` टाइप करून एंटर दाबलं की एक्सेल पुढे स्वतःच `=` लावून घेतं. बोटांची सवय लोटसची, अर्थ मात्र एक्सेलचा.

हे बाधतं कुठे, ते एका उदाहरणात पाहू. समजा, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक टॉवेल कारखानदार सूट आणि नफा यांचा मेळ बसवतो आहे. x म्हणजे सुटीचे टक्के, y म्हणजे महिन्याचा नफा हजार रुपयांत. आलेखावर ट्रेंडलाइन ओढली आणि तिचं समीकरण y = -x² + 24x + 40 असं आलं. ते पाहून पुढच्या रकान्यात सूत्र लिहिलं:

```
=-B2^2+24*B2+40
```

४ टक्के सुटीला खरा नफा १२०, सूत्र दाखवतं १५२. १२ टक्क्यांना खरा १८४, सूत्रात ४७२. १५ टक्क्यांना खरा १७५, सूत्रात ६२५. दर वेळी चूक x च्या वर्गाच्या दुप्पट. आकडे फुगले एवढंच झालं असतं तर कोणाच्या तरी नजरेला आलं असतं. इथे आकारच पालटला. खरी रेघ १२ टक्क्यांवर माथा गाठून खाली उतरते, चुकीची रेघ वरच चढत राहते. ती पाहून कोणीही म्हणेल, सूट आणखी वाढवा.

गंमत अशी की समीकरण -0.5x² असतं तर `=-0.5*B2^2` बरोबर उत्तर देतं. उणे तिथे 0.5 ला चिकटतं आणि घात B2 कडेच राहतो. म्हणजे उणे थेट घाताच्या पायाला टेकलं तरच दगा होतो. घात विषम पूर्णांक असेल तर तोही दिसत नाही, कारण -2^3 दोन्ही वाटांनी -8 च. घात 0.5 असेल तर मात्र आरडाओरडा होतो: `=-4^0.5` ला `#NUM!` येतं, कारण एक्सेल उणे चारचं वर्गमूळ काढायला बसतं. ही चूक त्यातल्या त्यात बरी, निदान दिसते तरी. सर्वांत वाईट अवस्था `EXP(-B2^2/2)` ची. B2 मध्ये 3 असताना 0.0111 यायला हवं, येतं 90.017.

उपाय जुनाच आहे: `=-(B2^2)`. `=-1*B2^2` किंवा `=-POWER(B2,2)` हेही चालतं. तयार फाइल तपासायची असेल तर शोध खिडकीत 'फॉर्म्युला'मध्ये शोधायला सांगून `=-*^`, `(-*^` आणि `,-*^` असे तीन शोध घ्यावेत. निर्दोष सूत्रंही जाळ्यात येतात, ती हाताने गाळावी लागतात. एखाद्या सूत्राबद्दल शंका असेल तर `Evaluate Formula` एकेक पायरी उलगडून दाखवतं.

टक्क्याच्या चिन्हाचा इतिहास एवढा गुंतागुंतीचा नाही, पण फसगत रोजची आहे. इथे कंचेभागुबेवमधलं 'चे' आठवावं. बऱ्याच कॅल्क्युलेटरांवर, मोबाइलमधल्यांवरही, 840 + 5 % दाबलं की ८८२ येतात. ती किल्ली मनातल्या मनात '८४० चे ५ टक्के' म्हणते. स्प्रेडशीटच्या % मध्ये हे 'चे' नाही. ते शेजारच्या आकड्याला शंभराने भागतं आणि गप्प बसतं. त्यामुळे `=840+5%` चं उत्तर 840.05. सेलला दशांश न दाखवण्याचा फॉरमॅट असेल तर नुसतं 840 दिसतं आणि बिलात कर लागलाच नाही हे कळायला ग्राहकाचा फोन यावा लागतो. लिहायचं असतं `=840*(1+5%)`.

अग्रक्रमात % उणेच्या लगेच नंतर आणि घाताच्या आधी येतं. म्हणून `=-5%^2` ला 0.0025 येतं, तेही अधिक. चक्रवाढीत कंस विसरून `=1+9%^5` लिहिलं तर पाचवा घात फक्त 0.09 चा निघतो आणि 1.5386 च्या जागी 1.0000059 मिळतं.

एक्सेलचा निर्णय पुढे बदलला नाही, कारण बदलायची सोयच उरली नव्हती. क्रम उलटा केला असता तर जुन्या फायलींतले आकडे एकही इशारा न देता पालटले असते. नंतर आलेल्या लिब्रेऑफिस कॅल्क आणि गूगल शीट्सने 4 च स्वीकारलं. ओपनडॉक्युमेंट या फायलींच्या खुल्या मानकातल्या सूत्रांची व्याख्या २०११ मध्ये आवृत्ती १.२ बरोबर पक्की झाली, तेव्हा त्यातही उणे घाताच्या वर बसलं. प्रोग्रामिंगच्या बाजूला पायथनने फोरट्रानची वाट धरली, तिथे `-2**2` म्हणजे -4. लिनक्सवरचा जुना कॅल्क्युलेटर `bc` मात्र 4 सांगतो.

जावास्क्रिप्टमध्ये `**` ही खूण २०१६ च्या आवृत्तीत आली. तोवर दोन्ही बाजूंचा गोंधळ सर्वांना माहीत झाला होता. त्या भाषेने कोणाचीच बाजू घेतली नाही. `-2 ** 2` लिहिलं तर उत्तर मिळत नाही, वाक्यरचनेची चूक म्हणून ओळच नाकारली जाते. `(-2) ** 2` किंवा `-(2 ** 2)` यांपैकी काय म्हणायचं आहे ते लिहिणाऱ्यालाच सांगावं लागतं. स्प्रेडशीटला ही वाट १९८५ मध्ये मोकळी होती.